अंगण कुठलं? आपण चौथ्या मजल्यावर राहतो!

आपल्यापैकी जे कोकणात किंवा मुंबईत मराठी शाळेत शिकले, त्यांना परीक्षेतला एक प्रश्न अजून पाठ असेल : 'खालील म्हणींचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' आम्ही पुढे बरीच वर्षे शिक्षकी केली आणि हाच प्रश्न मुलांना घातला. म्हण ओळखायला हा प्रश्न चांगला आहे. मात्र त्याच पद्धतीने नाटिका लिहिली, की काय होते ते आपण आपल्या सभागृहांत वर्षानुवर्षे पाहतो. पात्र म्हण म्हणते, मग तिचा अर्थ सांगते, मग आपल्याकडे बघून मान डोलावते. पहिल्या रांगेतले आजोबा टाळी देतात. मागच्या रांगेतली नातवंडे मोबाइल काढतात.

हल्लीच एका मंडळींनी बसवलेल्या नाटिकेची संहिता आमच्याकडे अभिप्रायासाठी आली. लेखकाचे नाव येथे देत नाही. त्यांची हौस खरी आहे आणि गोष्टही छान आहे. अश्दोदमधल्या एका घरात नवस फेडायचा आहे. 'या वर्षी मलिदा मीच करणार' असे आजोबा जाहीर करतात. आजी बाजूला बसून पाहते. घरात सून आहे, ती मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातली. नातू दहा वर्षांचा आहे. त्याला मराठी थोडे समजते, पण बोलता येत नाही. पोहे, नारळ, साखर, वेलची, फळे, सारे टेबलावर मांडले आहे आणि पाहुणे तासाभरात येणार आहेत. विनोदाला याहून चांगली जागा कुठली?

संहिता पंचवीस मिनिटांची आहे आणि तिच्यात चौदा म्हणी आहेत. आम्ही त्या पेन्सिलीने मोजल्या. चौदांपैकी अकरा एकट्या आजीच्या तोंडी आहेत आणि एकाही ठिकाणी हसू येत नाही. म्हणी वाईट आहेत म्हणून असे झालेले नाही. त्या कोणाच्या तोंडी आल्या, कुठे आल्या आणि त्यांच्यानंतर काय आले, यात सारे बिघडले आहे.

एकच जागा घेऊन पाहू. आजोबांना नारळ खवता येत नाही. ते विळीला दोष देतात, नारळाला दोष देतात. तेव्हा मूळ संहितेत आजी म्हणते :

'अहो, म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडे. माणसाने आपला दोष दुसऱ्यावर ढकलू नये.'

या दोन वाक्यांत चार गोष्टी चुकल्या आहेत. 'म्हणतात ना' ही दवंडी झाली. आता म्हण येणार हे प्रेक्षकाला आधीच कळले, मग अचानक काही उरले नाही. दुसरे म्हणजे म्हण पुस्तकात असते तशी, 'वाकडे' असा पूर्ण एकार ठेवून आली. आपल्या घरातली कोणतीही आजी 'वाकडं' असेच म्हणेल. तिसरे म्हणजे लगेच अर्थ सांगितला. ज्यांना ही म्हण लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांच्यासमोर अर्थ सांगणे म्हणजे त्यांना पुन्हा चौथीच्या वर्गात बसवणे. चौथी चूक सर्वांत मोठी आहे. आजी येथे शंभर टक्के बरोबर आहे आणि तिला उत्तर द्यायला कोणाला जागाच नाही. नाटक तेथेच थांबते. म्हण म्हणजे निकाल. न्यायाधीशाने निकाल दिला की कोर्ट उठते.

आता हीच जागा आम्ही अशी सुचवली :

आजोबा : ही विळी बोथट झाली आहे. नारळ सुका निघाला. आणि पोहे तर बघ, किती जाडे!
आजी : आणि अंगण?
आजोबा : अंगण कुठलं? आपण चौथ्या मजल्यावर राहतो!

येथे म्हणीतला एकच शब्द उरला आहे. बाकीची म्हण प्रेक्षक आपल्या मनात पुरी करतो, आणि ती त्याने स्वतः पुरी केली म्हणूनच त्याला हसू येते. आजीने उपदेश केला नाही, नुसते विचारले. आजोबांना टोमणा कळला नाही, की कळूनही त्यांनी वेड पांघरले, हे नट ठरवील. शिवाय ते उत्तर देऊ शकले, त्यामुळे खेळ पुढे चालू राहिला. त्यांचे उत्तर खोटेही नाही. येथे येऊन आपण इमारतींत राहायला गेलो, अंगणे मागे राहिली. हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

या जागेला एक पथ्य मात्र आहे. 'आणि अंगण?' यानंतर आजोबांनी लगेच बोलायचे नाही. आपले प्रेक्षक वयस्क आहेत, बऱ्याच जणांच्या कानाला यंत्र आहे. शब्द ऐकणे, म्हण आठवणे आणि हसणे, याला तीन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ आजोबांनी विळीकडे बघावे, मग आजीकडे, मग खिडकीकडे. हसू ओसरू लागले की बोलावे. घाई केली, तर 'चौथ्या मजल्यावर' हे शब्द हशात बुडतात आणि दुसरा हशा वाया जातो. लेखकाने संहितेत कंसात 'थांबून' असे लिहून ठेवावे. तालमीच्या दिवशी सभागृह रिकामे असते, त्यामुळे नटाला ही जागा आपोआप कळत नाही.

अर्धी म्हण सोडण्याची युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना म्हण पाठ असेल तरच ती चालते. याच संहितेत 'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण आहे, आणि सून ती ऐकून डोळे मिटून घोरण्याचा अभिनय करते, असे लिहिले आहे. 'झोपा' म्हणजे झोप नव्हे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल निघून गेल्यावर गोठ्याला दार बसवले, असा तिचा अर्थ. पण आज आपल्यातल्या पुष्कळांना तो शब्दच माहीत नाही. त्यांना सुनेचा अभिनय बरोबर वाटेल आणि ते हसणार नाहीत. ज्यांना शब्द माहीत आहे, त्यांना लेखकच चुकला असे वाटेल. म्हणीतले चित्र ज्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही, त्याच्यासमोर त्या म्हणीवर विनोद करता येत नाही. ती काढून टाकावी. रंगभूमीवर शब्दकोश उघडून बसता येत नाही.

येथे म्हण आणि वाक्प्रचार यांतला फरक उपयोगी पडतो. म्हण हे पुरे वाक्य असते आणि ते निकाल देते. वाक्प्रचार वाक्यात मुरतो, क्रियापदाबरोबर वळतो आणि निकाल देत नाही. म्हणून म्हणीतून विनोद काढायचा तो ती कोणाच्या तोंडी द्यायची यावरून, आणि वाक्प्रचारातून काढायचा तो त्याचा शब्दशः अर्थ घेऊन. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या हेच करीत आला आहे. समोरचा अलंकारिक बोलतो आणि सोंगाड्या ते अक्षरशः खरे मानतो. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य 1965 साली आले आणि दादा कोंडक्यांनी ते गाजवले. या जुन्या साच्यात शहरी प्रेक्षकालाही हसवण्याची केवढी ताकद आहे, हे त्याने दाखवून दिले.

आपल्या नाटिकेत सोंगाड्या आयताच हजर आहे, तो म्हणजे नातू. त्याला मराठी अर्धवट येते, म्हणून तो शब्दशः अर्थ घेतो, आणि ते खरे वाटते. मोठ्या माणसाने असे केले असते तर ते ओढूनताणून वाटले असते. मूळ संहितेत आजी नातवाला सांगते, 'दाराकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव, पाहुणे येतील', आणि नातू 'हो आजी' म्हणून निघून जातो. हातात आलेला विनोद लेखकाने सोडून दिला! आम्ही लिहिले :

आजी : डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघ हं.
(नातू आत जातो, ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन येतो.)
नातू : सावता, शेमेन झायित बसेदेर?
आजोबा : थांब. आज शनिवार नाही ना? मग घाल.

शेवटचे वाक्य फक्त आपल्यासाठी आहे. कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत, कारण आपला धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. जे जाणतात ते हसतील. जे जाणत नाहीत, ते बाटलीला हसून झालेले असतील. हशाची एक पायरी सर्वांसाठी आणि दुसरी जाणत्यांसाठी ठेवली, की समजावून सांगण्याची गरज पडत नाही. मात्र बाटली खरोखर रंगमंचावर हवी. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसत्या संवादाने तो अर्ध्यावर लंगडतो.

आता पुन्हा अंगणाकडे येऊ. एक म्हण एकदा वापरून सोडून देण्यापेक्षा तीच तीन वेळा आणावी, पण दर वेळी दुसऱ्याच्या तोंडी. आमच्या सूचनेत दुसरी वेळ अशी आली. आजीला ठाण्याच्या बहिणीशी मोबाइलवर चेहरा पाहून बोलायचे आहे. तिला ते जमत नाही. ती म्हणते, 'हा फोनच बिघडलाय. आणि चष्मा कोणी हलवला?' तेव्हा आजोबा नारळावरून मान वर न करता फक्त 'अंगण' एवढेच म्हणतात. ज्या आजीने तो शब्द फेकला, तिच्याच पायाशी तो परत आला. उपदेश आणि विनोद यांतला भेद आमच्या मते एवढाच आहे. म्हण म्हणणारा जिंकला तर तो उपदेश, आणि म्हण म्हणणारा स्वतःच तिच्यात सापडला तर तो विनोद.

तिसरी वेळ नातवाची. पाहुणे आले, नातवाच्या हातून फळांची थाळी निसटली. सगळे त्याच्याकडे पाहतात. तो खांदे उडवून म्हणतो, 'हहात्सेर अकुमा!' म्हणजे अंगण वाकडं. हिब्रूत अशी म्हण नाही. हे दोन शब्द कानी पडून कोणी हिब्रूभाषक हसणार नाही. पण आपल्या सभागृहात एव्हाना सर्वांनी ते अंगण दोनदा ऐकलेले असते, आणि ज्या नातवंडांना मराठी येत नाही, त्यांनाही आता ते कळते. मुलाला कोणी म्हण शिकवली नाही. त्याने घरात ऐकली आणि गरज पडली तेव्हा वापरली. म्हणी आपणही अशाच उचलल्या होत्या. परीक्षेचा प्रश्न नंतर आला.

चोरीची जागाही पाहण्यासारखी आहे. नातवाने ब्राखा होण्याआधीच मलिद्यातले चार खजूर खाल्ले आहेत. मूळ संहितेत आजी त्याला 'चोराच्या मनात चांदणं' असे सांगते आणि चोरीचे दुष्परिणामही सांगते. तो ऐकून घेतो. योगायोगाने हिब्रूत याच अर्थाची म्हण आहे, 'अल रोश हगनाव बोएर हकोवा', चोराच्या डोक्यावर टोपी पेटते. दोन्ही भाषांत मनातला गुन्हा उघडा पडतो. मराठीत चांदण्याने, हिब्रूत आगीने. लेखकाने एकच म्हण घेतली, तेव्हा आम्ही दोन्ही घ्यायला सांगितल्या :

आजी : खजूर कमी झाले. चोराच्या मनात...
(नातू शांतपणे तिच्याकडे बघतो. त्याला कळलेले नाही.)
सून : अल रोश हगनाव...
(नातवाचा हात झटकन किप्पावर जातो.)

दोन्ही म्हणी अर्ध्याच राहिल्या. मराठी अर्धी म्हण वयस्क मंडळी पुरी करतात, हिब्रू अर्धी म्हण नातवंडे. आणि शेवटचा शब्द कोणीच बोलत नाही, तो हात बोलतो. क्रम मात्र बदलू नये. हिब्रू आधी आणली, तर हात आधीच डोक्यावर जाईल आणि मराठी म्हणीला काम उरणार नाही. नातवाचा तो कोरा चेहराही महत्त्वाचा आहे. त्याला आजीचे मराठी कळले नाही, हा त्या घरातला खरा सल आहे. तो येथे हसतहसत दिसून जातो.

यापुढची गोष्ट थोडी नाजूक आहे. संहितेत आजी सुनेला उद्देशून तीन म्हणी बोलते, तिच्या माहेरच्या स्वयंपाकावरून, तिच्या उशिरा उठण्यावरून आणि तिला मराठी न येण्यावरून. लेखकाला वाटले, सासूसुनेचा खटका म्हणजे हमखास हशा. पण आपल्या सभागृहात अशा किती सुना बसलेल्या असतात! दर रविवारी सासूबाईंना गाडीत घालून ज्या दवाखान्यात नेतात, त्या याच. ज्याच्या हाती घराची सत्ता आहे, त्याने खालच्यावर म्हण टाकली तर ती काठीसारखी लागते. प्रेक्षक हसले तरी ते सुनेला हसतात, म्हणीला नाही. तीच म्हण खालून वर गेली, तर गंमत होते. आम्ही त्या तिन्ही म्हणी काढायला सांगितल्या आणि त्यांच्याऐवजी एकच प्रसंग सुचवला. सून मुलाला रागावते, पण डोळे सासूकडे :

सून (मोडक्या मराठीत) : प्रत्येक गोष्टीत नाक घालतोस तू! जा, सोफ्यावर बस जरा!
(नातू जागचा हलत नाही. आजी मुकाट्याने उठून सोफ्यावर जाऊन बसते.)

येथे 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण उलटी होऊन घडली आहे. ती कोणीही उच्चारलेली नाही, आणि उच्चारू नये. घडलेली म्हण वर आणखी बोलून दाखवली, की ती पुन्हा वर्गात जाऊन बसते. आपल्यातल्या वयस्क बायकांना ती ओळखायला दोन सेकंद लागणार नाहीत, आणि मोरोक्कोकडच्या व्याहीमंडळींना म्हण ठाऊक नसली तरी प्रसंग नक्की कळेल.

मग उपदेश करणारे पात्र नाटकात आणूच नये काय? अवश्य आणावे. पु. ल. देशपांड्यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' या 1957 च्या नाटकात आचार्य आहेत आणि काकाजीही. आचार्य सतत उपदेश करतात आणि तरीही तो उपदेश आपल्याला टोचत नाही, कारण तो लेखकाचा नाही, आचार्यांचा आहे. समोर काकाजी पाय पसरून बसलेले असतात. अत्र्यांच्या 'साष्टांग नमस्कार'मध्ये रावबहादुरांना नमस्कार हाच सर्व रोगांवर इलाज वाटतो. त्यांचा उपदेश हेच त्यांचे वेड, म्हणून आपण हसतो. उपदेश पात्राच्या गळ्यात बांधा, त्याचे ओझे लेखकाने स्वतः वाहू नये.

आपल्याकडे ही गफलत होण्याला एक कारण आम्हाला दिसते. आपण कीर्तने ऐकत वाढलो. आपल्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठीतून तनाखमधल्या कथांची कीर्तने होत आली आहेत. कीर्तनाच्या पूर्वरंगात कीर्तनकार सरळ उपदेश करतो, दाखला म्हणून म्हण देतो, अर्थही सांगतो. श्रोता त्यासाठीच आलेला असतो. गोष्ट उत्तररंगात येते. नाटिकेला पूर्वरंग नसतो. पडदा उघडला की गोष्टच सुरू. नाटिकेच्या पोटात पूर्वरंग घातला, तर दोन्ही बिघडतात.

लेखकांना आम्ही शेवटी दोन कसोट्या लिहून कळवल्या. पहिली : संहितेतली म्हण खोडून प्रवेश वाचून पाहावा. काही अडले नाही, तर ती म्हण शोभेची होती, ती खोडलेलीच ठेवावी. दुसरी : ती म्हण दुसऱ्या पात्राच्या तोंडी देऊन पाहावी. काही फरक पडला नाही, तर ती कोणत्याच पात्राची नव्हती, लेखकाची होती. चौदा म्हणींना या कसोट्या लावल्यावर त्यातल्या दोन उरल्या, अंगणाची आणि चोराची. चोराच्या म्हणीला हिब्रू जोडीदार मिळाला, आणि सासूसुनेची एक म्हण न बोलता आली. वाक्प्रचार एक, तेलाचा. पंचवीस मिनिटांना एवढे पुरे होते.

लेखकांचा फोन आला. बारा म्हणी गेल्याचे त्यांना वाईट वाटले. 'मग त्या कुठे ठेवू?' असे त्यांनी विचारले. पुढच्या पुरीमला, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत होळीच्या सणाला, दुसरी नाटिका लिहा आणि त्यातल्या दोन घ्या, असे आम्ही सांगितले. झोप्याची म्हण मात्र अशा घरासाठी राखून ठेवा, जिथे निदान एकाने तरी गोठा पाहिलेला असेल.